एकच आठवण पाच प्रकरणांत

आत्मकथनाच्या हस्तलिखितात पुनरुक्ती जवळजवळ ठरलेली असते. लेखक वर्षानुवर्षं, सवडीनं लिहितो आणि आधीच्या वहीत काय लिहिलं ते पुढच्या वहीपर्यंत विसरतो. पण पुनरुक्ती दिसली की लगेच काट मारणं धोक्याचं असतं.

समजा, माणदेशातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचं हस्तलिखित आहे. १९७२च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, हा प्रसंग त्यांनी पाच प्रकरणांत सांगितला आहे. संपादकानं आधी ते पाचही उतारे शेजारी ठेवून वाचावेत. बालपणाच्या प्रकरणात खडीचा ढीग आणि कामावर मिळणारी सुकडी आहे. पहिल्या पगाराच्या प्रकरणात नोटा मोजताना आईची वाकडी झालेली बोटं आहेत. आईच्या मृत्यूनंतर मावशी सांगते की आई वाट्याची सुकडी न खाता पदरात बांधून घरी आणायची. मुलाच्या शाळेचं आणि निवृत्तीचं प्रकरण मात्र नवं काहीच देत नाही. तिथं एखादा ओझरता उल्लेख पुरे.

उरलेले तीन उतारे एकत्र करण्याचा मोह होतो. तसं केलं तर पुस्तक बिघडेल. आई उपाशी राहायची हे दहा वर्षांच्या मुलीला ठाऊक नव्हतं. ते तिला फार उशिरा कळलं आणि तो उशीर हाच त्या प्रकरणाचा गाभा आहे. म्हणून प्रकरणांचा तक्ता करताना साल, गाव आणि माणसं यांच्याबरोबर आणखी एक रकाना हवा: हे लेखिकेला कधी कळलं?

या तक्त्यावरून क्रमही सुचतो. अशा लेखनाची सुरुवात बहुधा कुळाच्या आणि गावाच्या माहितीनं होते. ती पानं फेकायची नसतात. पणजोबांची विहीर दुष्काळात आटते, तिथंच त्या विहिरीची हकिकत आली तर वाचक ती मन लावून वाचतो.

प्रकरणं हलवली की सांधे उघडे पडतात. ते संपादकानं स्वतःच्या वाक्यांनी भरू नयेत. समासात प्रश्न लिहावा: ‘नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा घरी कोण होतं?’ लेखिका बोलून उत्तर देतील, तेच शब्द उतरवून घ्यावेत. त्या एरवी प्रमाण मराठीत लिहितात, पण आईजवळ आल्या की ‘आय म्हनली’ असं लिहून जातात. हे एकसारखं करणं मला अक्षम्य वाटतं. अखेरीस बदललेला मजकूर त्यांनाच मोठ्यानं वाचायला द्यावा. जिथं त्या अडखळतात किंवा नकळत दुसराच शब्द वाचतात, तिथं बहुधा संपादकाचा हात जास्त फिरलेला असतो.

सत्कारांच्या यादीवरून मात्र वाद होतोच. ती परिशिष्टात न्यावी, असं कारणासह सुचवावं. तरीही त्यांना ती शेवटच्या प्रकरणातच हवी असेल, तर ती तिथंच ठेवावी.