शेजारच्या टेबलासाठी राउटरची वारी

एखाद्या कॉलेजचं ऑफिस घ्या. लेखा विभाग व्हीलॅन 10 मध्ये, संगणक प्रयोगशाळा व्हीलॅन 20 मध्ये. स्विच एकच, पण दोन्हीकडची यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत. वेगळं ठेवायचं म्हणूनच तर व्हीलॅन केले. तरी लेखा विभागाला रोज रात्री 20 जीबीचा बॅकअप प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवर टाकायचा असतो, आणि तिथे राउटिंग लागतं.

स्वस्त उपाय म्हणजे राउटर ऑन अ स्टिक. स्विचपासून राउटरपर्यंत एकच केबल, तिचं नाव ट्रंक. नेटिव्ह व्हीलॅन सोडून तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर व्हीलॅनचा क्रमांक असलेला चार बाइटांचा टॅग चढतो. राउटरवर त्या एका पोर्टचे आभासी तुकडे करतात. सिस्को राउटरवर हे असं लिहितात:

```
interface GigabitEthernet0/0/0.10
 encapsulation dot1Q 10
 ip address 192.168.10.1 255.255.255.0
```

असाच तुकडा 20 साठी. दोन यंत्रं शेजारच्या टेबलांवर असली तरी त्यांच्यातलं पॅकेट केबलने राउटरपर्यंत जातं आणि त्याच केबलने परत येतं. साऱ्या व्हीलॅनची आपसातली रहदारी या एका केबलवर.

पण घोडं बहुतेक वेळा केबलपाशी अडत नाही, राउटरपाशी अडतं. सिस्कोच्या आयएसआर 4321 ला पोर्ट गिगाबिटचे आहेत, पण मूळ परवान्यावर तो सेकंदाला 50 मेगाबिटच पुढे ढकलतो. त्या वेगाने 20 जीबीला जवळपास 53 मिनिटं लागतात. इंटरनेटची रहदारीही याच मर्यादेत मोजली जाते, हे खरेदी करताना फारसं कुणी विचारत नाही. ओळखायची युक्ती सोपी: तीच फाइल आधी एकाच व्हीलॅनमध्ये कॉपी करा, मग दुसऱ्या व्हीलॅनमध्ये. पहिली झरझर आणि दुसरी रखडत गेली, तर संशय राउटरवर घ्यावा.

लेअर थ्री स्विचमध्ये राउटिंग स्विचच्या आतल्या चिपमध्येच होतं. प्रत्येक व्हीलॅनला एक आभासी इंटरफेस दिला की तोच गेटवे. दोन्ही टोकांना गिगाबिट असेल आणि डिस्क साथ देत असेल, तर तोच बॅकअप तीन मिनिटांच्या आसपास उरकतो. मात्र अनेक सिस्को स्विचवर `ip routing` ही आज्ञा स्वतः द्यावी लागते. ती राहिली तर गेटवेला पिंग जातो, पलीकडच्या व्हीलॅनला जात नाही, आणि माणूस केबली तपासत बसतो.

मग राउटर काढून टाकायचा का? नाही. खासगी पत्ते इंटरनेटसाठी बदलण्याचं काम असे स्विच सहसा करत नाहीत, आणि फायरवॉलसारखं चालू संवाद लक्षात ठेवणंही त्यांच्याकडून होत नाही. वेशीवर राउटर किंवा फायरवॉल हवाच. माझ्या मते पंधरा-वीस यंत्रं, दोन-तीन व्हीलॅन आणि आपसात फक्त प्रिंटरपुरती देवाणघेवाण असेल, तर लेअर थ्री स्विचवरचा खर्च वाया जाईल. पाहुण्यांचं वायफाय तर फायरवॉलमधूनच फिरवावं, तिथे तपासणी महत्त्वाची, वेग नव्हे. बॅकअप, कॅमेऱ्यांची रेकॉर्डिंग किंवा सामायिक फाइल सर्व्हर व्हीलॅन ओलांडू लागले, की मात्र तो स्विच घ्यावा.