फॉर्ममधली माहिती: किती घ्यावी, किती दिवस ठेवावी

संमतीच्या चौकोनात खूण केली की कोणतीही माहिती मागता येते, असा समज सर्रास आढळतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती लागू होते ती सांगितलेल्या कामापुरत्या माहितीलाच. शेजाऱ्याकडून लग्नासाठी भांडी आणावीत, तसेच हे: लागतील तेवढीच आणायची, कार्य उरकले की परत करायची.

समजा, परभणीतला बियाणे विक्रेता सोयाबीनची आगाऊ नोंदणी संकेतस्थळावर घेतो. त्याला नाव, मोबाइल, गाव, वाण आणि पिशव्यांची संख्या पुरते. आधार क्रमांक ‘असू द्या’ म्हणून मागणे मला सरळ चुकीचे वाटते.

मुदत मात्र सर्वांची सारखी नसते. नोंदणी करून जे आलेच नाहीत, त्यांची माहिती हंगामातली विक्री संपताच पुसावी. ज्यांनी बियाणे नेले, त्यांचे निराळे. 1968 च्या बियाणे नियमांनुसार अधिसूचित (सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या) वाणांच्या प्रत्येक लॉटच्या (एकाच खेपेच्या) विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते.

पुसताना संकेतस्थळावरची यादी जाते. दुकानातल्या संगणकावर उतरवलेली एक्सेल फाइल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत बहुधा तशीच राहते. त्याही शोधून पुसाव्या लागतात.