नऊ तारीख

सकाळी 8:40. गंगाखेड तालुक्यातलं आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र. महिन्याची 9 तारीख म्हणजे सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस. देशभर हा दिवस 2016 पासून पाळला जातो, आणि आमच्या पायऱ्यांवर तो चपलांच्या गर्दीवरून ओळखू येतो. आशाताई आपापल्या गावच्या बायका घेऊन आल्यात. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी हे सगळं सिस्टर उरकून घेतात. एका प्रश्नाला मात्र कार्डावर रकाना नाही, तो मीच विचारते.

10:15. पहिलटकरीण, तिसरा महिना, सोबत सासूबाई. सासूबाईंसमोर तो प्रश्न निघणार नाही, म्हणून त्यांना सुनेच्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणायला औषधाच्या खिडकीवर पाठवते. पडदा ओढला की विचारते, "मालक जवळ येतात का? तुला काही त्रास, काही भीती?" मुलगी आधी पंख्याकडे बघते, मग हळूच म्हणते, "बाळाला लागतं म्हणं."

नाही लागत. पिशवीचं तोंड बंद असतं, त्यात घट्ट चिकट बोळा बसलेला असतो. आत पाणमोट, पाण्यात बाळ. पुरुषाचं अंग त्या तोंडाच्या आत जातच नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यांतले बहुतेक गर्भाच्या मूळ घडणीतच दोष असल्यामुळे पडतात. पण एकदा तसं झालं की बाई आयुष्यभर त्या रात्रीला दोष देत बसते. गरोदरपण नीट चाललं असेल तर संबंधाला शेवटपर्यंत हरकत नाही. नंतर पोट थोडा वेळ कडक होतं, ते विसावलं की सैल पडतं. पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपू नये, पिशवीचं वजन पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतं आणि घेरी येते. कुशीवर बरं. "आणि तुलाच नको वाटत असेल तर?" मी विचारते. ती हसते. मळमळीनं बेजार झालेल्या बाईला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. "तर नाही म्हणायचं. त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही."

11:30. आजची खरी केस. आठवा महिना, दुसरं बाळंतपण. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वारेची कड पिशवीच्या तोंडापासून 9 मिलिमीटरवर होती. तेव्हा कुणीतरी सांगितलं, "वार खाली आहे, जपून राहा." का जपायचं, कशापासून, कधीपर्यंत, यातलं काहीच सांगितलं नाही. तिनं सगळ्यापासूनच जपलं. नवरा तीन महिने ओसरीवर झोपतोय आणि सासरी कुजबुज आहे की दोघांचं बिनसलंय.

वार तोंडाजवळ किंवा तोंडावर असेल तर जपायचं कारण खरं आहे. पिशवीचा खालचा भाग ताणला गेला, त्याला धक्का लागला किंवा कळ आली, तर वारेची कड सुटू शकते आणि भळाभळा रक्त जातं. लालभडक, आणि पोटात दुखत नाही. दुखत नाही म्हणून घरचे निवांत राहतात, तिथंच घात होतो. अशा बाईला आम्ही डॉक्टरसुद्धा बोटानं आतून तपासत नाही. मग नवऱ्याला मनाई का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार दहापैकी नऊ जणींत पुढं वर सरकलेली दिसते. ती चालत जात नाही. पिशवीचा खालचा भाग वाढतो आणि कड तोंडापासून लांब पडते. म्हणून 32 आठवड्यांच्या आसपास सोनोग्राफी पुन्हा करायची असते. हिची गेल्या आठवड्यात झाली, कागद पिशवीत घडी करून ठेवलेला. मी उलगडते: अंतर 38 मिलिमीटर. 20 च्या वर गेलं की वार खाली आहे असं म्हणत नाहीत. रक्त एकदाही गेलेलं नाही, पाणी गेलेलं नाही, पहिलं बाळ दिवस भरून झालेलं. "मनाई संपली," मी म्हणते. ती कागद परत बघते, जणू तिथं लिहिलंय. मग तिच्यासमोर मी खरंच लिहून देते. वार तोंडावरच राहिली असती, तर मनाई बाळंतपणापर्यंत आणि बाळंतपण सिझेरियननं, हेही त्याच कागदावर आलं असतं.

1:45. डबा. सिस्टर म्हणतात, सातव्यानंतर नकोच, जुनी माणसं काय उगाच सांगतात? चरकसंहितेतही गर्भिणीला संबंध वर्ज्य सांगितलाय हे मला माहीत आहे. मूल निर्लज्ज निघेल, अशी धमकीसुद्धा तिथं आहे. माझा अंदाज, बाईला थोडा विसावा मिळायला ते नियम कामाला येत असतील. पण धाक घालून मिळालेल्या विसाव्यात शंका विचारायची सोय राहत नाही.

2:30. लिंबाखाली नवरे. आरोग्यसेवक दोघांना आत आणतात. एक ट्रकवर असतो, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. त्याला आडून बोलत नाही. बायकोची एचआयव्ही आणि गरमीची तपासणी सुरुवातीला झाली, पण संसर्ग त्यानंतरही घरात येऊ शकतो आणि बाळापर्यंत पोचतो. शंका असेल तर तपासून घे, तोवर निरोध वापर. तो मान खाली घालून पाकीट खिशात टाकतो.

4:10. ऊसतोडीला निघालेलं जोडपं. सहावा महिना, मागचं बाळ सातव्या महिन्यातच झालेलं, आणि या वेळी सोनोग्राफीत पिशवीचं तोंड आखूड आलंय. ही हिरव्या स्टिकरची बाई नाही, लाल स्टिकरची आहे. तोंड आखूड असणं, टाका घातलेला असणं, दिवस भरायच्या आत कळा येणं, पाणी जाणं, रक्त जाणं: यांत आम्ही थांबा म्हणतो. पाणी गेल्यावर आतलं दार उघडं पडतं आणि जंतू वर चढतात, तिथं वादच नाही. आखूड तोंडाच्या बाबतीत संबंधानंच कळा सुरू होतात असा पक्का पुरावा नाही, आम्ही सावधगिरी म्हणून सांगतो. हे मी नवऱ्याला तसंच सांगते. मोळी उचलणं बंद हे सांगितल्यावर तो जास्त गप्प होतो, कारण कोयता जोडीचा, उचल दोघांच्या नावावर. कागदावर परभणीच्या स्त्री रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिते. जातील का, आशाताईलाही खात्री नाही.

रात्री 9:20. फोन. सातवा महिना, संबंधानंतर चड्डीला डाग. रंग? फिका गुलाबी. पोटात दुखतं? नाही. बाळ फिरतंय? हो. वार वर आहे हे तिच्या कार्डावर मी आजच वाचलंय. तरीही सकाळपर्यंत थांब असं म्हणत नाही, कारण फोनवर डाग दिसत नाही. शेजारच्या गाडीनं दोघं येतात.

10:15. बाळाचे ठोके 144. पोट मऊ, कळ नाही. वार वर असल्यानं उपकरण घालून आत बघता येतं: तोंड बंद, पाणी नाही, तोंडाच्या कडेला नाजूक लाल जागा, स्पर्शानं टिपूस येतो. गरोदरपणात तिथं रक्तपुरवठा वाढलेला असतो. डाग तिथला. रक्तगट बी पॉझिटिव्ह, म्हणजे निगेटिव्ह गटाचं इंजेक्शन लागत नाही.

नवरा दारातच उभा. "माझ्यामुळं झालं का?"

"जागा नाजूक आहे, एवढंच. डाग पूर्ण थांबून एक आठवडा जाऊ दे, मग मला दाखवून जा. त्याआधी लाल रक्त आलं, पाणी गेलं किंवा पोट थांबून थांबून आवळायला लागलं तर 108."

तो बोटांवर दिवस मोजतो. "म्हणजे पुढचा गुरुवार?"

डाग उद्या थांबला तर, हो.