७६ रुपये हुकले ते एका दिवसाने

मुंबईच्या टीसीएसने जानेवारी २०२५ मध्ये शेअरमागे ७६ रुपये लाभांश जाहीर केला: १० रुपये अंतरिम, ६६ रुपये विशेष. रेकॉर्ड डेट होती शुक्रवार, १७ जानेवारी. त्या दिवसअखेर ज्याच्या डीमॅट खात्यात शेअर, त्यालाच पैसे.

घोळ इथेच होतो. पिंपळगाव राजातून मोबाइलवर शेअर घेतला, तरी तो खात्यात जमा होतो पुढच्या कामकाजाच्या दिवशी. म्हणजे गुरुवारी, १६ तारखेला बाजार बंद होण्याआधी दहा शेअर घेणाऱ्याचे नाव शुक्रवारच्या यादीत आले आणि ७६० रुपये पक्के झाले. शुक्रवारी घेणाऱ्याचे शेअर मात्र सोमवारी, २० तारखेला पोहोचणार. त्याचा लाभांश विकणाऱ्याच्या खात्यात. म्हणूनच १७ तारीख हीच एक्स-डिव्हिडंड डेट.

जानेवारी २०२३ पर्यंत बड्या शेअरच्या व्यवहाराला दोन दिवस लागत, त्यामुळे एक्स-डेट रेकॉर्ड डेटच्या आदल्या दिवशी असे. जुने गुंतवणूकदार अजूनही तोच हिशेब धरतात.

उशिरा घेणारा अगदीच नागवला जातो असेही नाही. एक्स-डेटला भावाचा साधारण लाभांशाइतका उतरूनच उघडण्याकडे कल असतो. बाकी चढउतार बाजाराच्या मर्जीवर.