आडवे मोजा, उभे मोजा

सहा हा आकडा बेरजेने किती प्रकारे लिहिता येतो? ६, ५+१, ४+२, ३+३ असं करत शेवटी १+१+१+१+१+१ पर्यंत गेलं की ११ प्रकार भरतात. क्रम बदलला तर प्रकार नवा धरायचा नाही. ४+२ आणि २+४ एकच. यातल्या प्रत्येक प्रकाराला त्या संख्येचं विभाजन म्हणतात. शाळकरी वाटणारं हे काम फार लवकर हाताबाहेर जातं. १० ची विभाजनं ४२, पण १०० ची १९,०५,६९,२९२. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ साली या संख्येसाठी सूत्र दिलं, तेव्हा ते पडताळायला मॅकमोहन या गणितज्ञाने २०० पर्यंतची सगळी उत्तरं हाताने काढून दिली होती.

आपल्याला मात्र इथे काही मोजायचंच नाही. दोन संख्या समान आहेत हे त्या न मोजता कसं कळतं, तेवढंच पाहायचं आहे.

त्यासाठी विभाजन ठिपक्यांनी मांडायचं. प्रत्येक भागाची एक ओळ, मोठी ओळ वर, सगळ्या ओळी डावीकडे एका रेषेत. ४+२ असं दिसेल:

```
● ● ● ●
● ●
```

आता ओळींऐवजी उभे स्तंभ मोजा: २, २, १, १. म्हणजे तेच सहा ठिपके २+२+१+१ हे दुसरं विभाजनही सांगतात. डाव्या वरच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तिरप्या रेषेवर कागद दुमडला, की ओळींचे स्तंभ होतात आणि स्तंभांच्या ओळी. पुन्हा दुमडलं की मूळ मांडणी परत.

ही युक्ती केंब्रिजच्या नॉर्मन फेरर्स यांची. ती छापली १८५३ साली सिल्व्हेस्टर यांनी, श्रेय फेरर्सना देऊन. म्हणून या मांडणीला आजही फेरर्सची आकृती म्हणतात.

आता दावा असा: ज्या विभाजनांत जास्तीत जास्त तीन भाग आहेत, ती जितकी, तितकीच ज्यांतला सर्वांत मोठा भाग तीनहून मोठा नाही अशी. सहासाठी पहिल्या गटात ६, ५+१, ४+२, ३+३, ४+१+१, ३+२+१, २+२+२ अशी सात आहेत. दुसऱ्या गटातली शोधत बसायची गरज नाही. आकृतीत तीनच ओळी असतील तर दुमडल्यावर तीनच स्तंभ होणार, म्हणजे कुठलीही ओळ तीनपेक्षा लांब नसणार. एका गटातल्या प्रत्येकाची जोडी दुसऱ्या गटात ठरलेली आहे. सहाच्या जागी हजार घ्या, तीनच्या जागी सतरा. युक्तिवादातला एक शब्दही बदलत नाही.

काही आकृत्या दुमडल्यावर जशाच्या तशाच राहतात. सहासाठी ३+२+१ ही तशी एकटीच. अशा आकृत्या किती असतात, हा प्रश्न मला सगळ्यांत गोड वाटतो. आकृतीची पहिली ओळ आणि पहिला स्तंभ मिळून एक काटकोन होतो. दोन्ही बाजू सारख्या आणि कोपऱ्याचा ठिपका सामाईक, म्हणून त्यातले ठिपके विषमच. तो काटकोन उचलला की आत आणखी एक, लहान काटकोन सापडतो. १२ ठिपक्यांची ५+३+२+१+१ ही आकृती घ्या:

```
● ● ● ● ●
● ○ ○
● ○
●
●
```

बाहेर ९, आत ३. म्हणजे ती ९+३ झाली. उलटही जाता येतं: वेगवेगळ्या विषम संख्या घ्या, प्रत्येकीला मधोमध काटकोनात वाकवा आणि मोठीच्या आत लहान बसवा. समसंख्या अशी वाकत नाही, आणि दोन संख्या सारख्या असल्या तरी अडतं. ५+५ करून पाहा: आतल्या काटकोनामुळे दुसरी ओळ चार ठिपक्यांची होते आणि वरची तीनचीच राहते. म्हणून दुमडून न बदलणारी विभाजनं आणि वेगवेगळ्या विषम भागांची विभाजनं नेमकी तितकीच. १२ साठी ११+१, ९+३, ७+५ अशी तीन.

यातून एक फायदा फुकट मिळतो. उरलेल्या सगळ्या आकृत्या दोन-दोनच्या जोड्यांत जातात, तेव्हा एकूण विभाजनं सम की विषम, हे या न बदलणाऱ्यांवरूनच ठरतं. १२ साठी ती तीन, म्हणून एकूण संख्या विषम असायलाच हवी. ती ७७ आहे.

पण दुमडून सगळंच सुटत नाही. वेगवेगळ्या भागांची विभाजनं आणि फक्त विषम भागांची विभाजनं संख्येने सारखी असतात, हा ऑयलरचा निकाल. सहासाठी दोन्हीकडे चार. इथे कागद दुमडला तर ३+३ चं २+२+२ होतं, आणि त्याचे भाग वेगवेगळे नाहीत. वेगवेगळ्या भागांची आकृती दुमडली की भलतंच हाती लागतं: एकपासून सर्वांत मोठ्या भागापर्यंत एकही संख्या न गाळणारं विभाजन. ५+१ चं २+१+१+१+१, ४+२ चं २+२+१+१. तीही चारच, पण ऑयलरच्या विषम भागांपर्यंत पोचायला ठिपके दुसऱ्याच रीतीने हलवावे लागतात.