दुपारच्या रिकाम्या खुर्च्या

सलूनमध्ये दुपारी अकरा ते दोन गिऱ्हाईक कमी. तीच वेळ अकादमीची. समजा, चारपैकी तीन खुर्च्या तेव्हा मोकळ्या असतात. मग बॅच सहाजणींचीच हवी: तिघी हात चालवतात, तिघी मॉडेल होतात, नंतर अदलाबदल. बारा घेतल्या तर गल्ला दुप्पट, पण प्रत्येकीचा सराव निम्मा. थ्रेडिंगचा दोरा तर बघून कुणालाच येत नाही.

तीन महिन्यांची फी १८ हजार धरली, तर जमा १ लाख ८ हजार. शिक्षिकेचा पगार ६० हजार, साहित्य १८ हजार. उरलेल्या ३० हजारांत वीज, भाडे आणि मधेच सोडून जाणारी एखादी. म्हणून फी हप्त्यांत घ्यावी, पण परतफेडीचा नियम प्रवेशावेळीच लेखी द्यावा.

प्रमाणपत्र? सलूनने स्वतः छापलेल्या कागदाला ओळखीबाहेर फारशी किंमत नसते. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल काउन्सिलशी संलग्न केंद्रात शिकवणारी एक आणि परीक्षा घेणारी बाहेरची असते. विश्वास तिथेच येतो. संलग्नता नसेल, तर किती फेशियल, किती वॅक्सिंग केले याची सहीनिशी नोंदवही सोबत द्यावी. ‘सरकारमान्य’ हा शब्द मात्र फलकावर लिहू नये.