बांधकामपूर्तीचे भाषण: माणसांचे आभार आणि सुरक्षिततेचा हिशेब

मोठे बांधकाम पुरे झाले की साइटवर एक छोटेखानी सोहळा होतो. त्यातले मुख्य भाषण बहुधा प्रकल्पप्रमुख करतो. राबलेल्या माणसांचे आभार मानणे आणि इतकी वर्षे काम कितपत सुरक्षित चालले ते सांगणे, ही त्या भाषणाची दोन कामे. आभार मानताना सहसा कोणी अडत नाही. सुरक्षिततेबद्दल मात्र नेमका आकडा सांगावा लागतो, आणि तो कसा काढला हे समोर बसलेल्या माणसांना सांगणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. कोणाचा पाय कधी मोडला आणि कोणाला गुपचूप गावी पाठवले, हे मुकादमाच्या लक्षात असते. त्यामुळे भाषणाची तयारी हजेरीपटापासूनच सुरू करावी लागते.

हिशेबाचे एकक मनुष्यतास. एका माणसाने एक तास काम केले की एक मनुष्यतास होतो. उदाहरणासाठी 22 मजल्यांची एक निवासी इमारत घेऊ. काम 42 महिने चालले, साइटवर रोज सरासरी 180 माणसे होती, महिन्याला 26 दिवस काम झाले आणि जादा वेळ धरून प्रत्येकाचे दिवसाला 9 तास भरले. या सगळ्यांचा गुणाकार 17,69,040, म्हणजे सुमारे 17 लाख 70 हजार मनुष्यतास. या काळात तीन दुखापती अशा झाल्या की जखमी माणूस पुढच्या पाळीला कामावर येऊ शकला नाही. एकाच्या तळपायात शटरिंगच्या फळीचा खिळा घुसला, एकाचे बोट सळ्या वाकवण्याच्या यंत्रात सापडले आणि एक गवंडी दोन मीटर उंचीच्या परांचीवरून पडला. अशा दुखापतीला साइटवर ‘एलटीआय’ म्हणतात. भारतीय पद्धतीत तिचे प्रमाण दर 10 लाख मनुष्यतासांमागे काढतात. तीनला 10 लाखांनी गुणून 17,69,040 ने भागले की उत्तर येते साधारण 1.7.

हा 1.7 चांगला की वाईट, हे ठरवायला तुलना लागते आणि तिथेच बरेच वक्ते घसरतात. लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिकसाठी उभारलेल्या क्रीडासंकुलाचे उदाहरण बांधकाम क्षेत्रात वारंवार दिले जाते. हजारो माणसांनी मिळून कोट्यवधी तास काम केले आणि त्यात एकाचाही जीव गेला नाही. तिथला अपघातदर 0.17 होता. नुसते आकडे पाहिले तर आपल्या इमारतीचा दर त्याच्या दहापट वाटतो. पण ब्रिटनमधला तो दर एक लाख तासांमागचा आहे. दहा लाखांवर नेला की तोही 1.7 होतो. तरी दोन्ही साइट सारख्याच सुरक्षित होत्या, असे म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये तेव्हा काही गंभीर दुखापती आणि तीन दिवसांहून जास्त काम बुडवणाऱ्या दुखापती मोजल्या जात. आपल्या उदाहरणात एक पाळी बुडाली तरी दुखापत मोजलेली आहे. अमेरिकेत हाच दर दोन लाख तासांमागे सांगतात. म्हणून भाषणात नुसता दर न देता एकूण तास, दुखापतींची संख्या आणि कोणती दुखापत मोजली ते साध्या शब्दांत सांगणे बरे. दशांशात सांगितलेला दर फिटरला काही सांगत नाही. ‘तिघे जखमी झाले, तिघेही बरे होऊन परतले’ हे वाक्य सांगते.

आकडा खोटा पडतो तो बहुतेक वेळा मोजणीत. भारतातल्या साइटवर बहुसंख्य माणसे ठेकेदारांकडची असतात. त्यांचे तास एकूण बेरजेत धरायचे आणि त्यांच्या दुखापती मात्र ‘ठेकेदाराचा विषय’ म्हणून बाहेर ठेवायच्या, ही सर्वांत जुनी चूक. दुसरी चूक दिसायला सौम्य असते. हात प्लॅस्टरमध्ये असलेल्या माणसाला साइट ऑफिसमध्ये बसवून त्याची हजेरी लावतात आणि कागदावर त्याचा एकही दिवस बुडत नाही. हे ओळखायचे कसे? प्रथमोपचाराची वही, दवाखान्याची बिले आणि मस्टर शेजारीशेजारी ठेवून तारखा जुळवायच्या. ज्या दिवशी हाडाच्या डॉक्टरचे बिल आहे त्याच दिवशी त्या माणसाची पूर्ण हजेरी असेल, तर चौकशी करायला हवी. ‘निअर मिस’च्या, म्हणजे अपघात थोडक्यात टळल्याच्या नोंदींकडेही पाहायचे. साडेतीन वर्षांत पट्टी बांधल्याच्या शेकडो नोंदी आहेत आणि निअर मिस एकही नाही, असे दिसले तर तिथे माणसे गप्प राहिलेली आहेत. सलग अपघातमुक्त तास हा आकडाही वेगळा असतो. एलटीआय झाली की तो पुन्हा शून्यापासून मोजतात. आपल्या इमारतीत सर्वांत लांब सलग टप्पा समजा 6 लाख तासांचा असेल, तर व्यासपीठावरून ‘17 लाख अपघातमुक्त तास’ म्हणणे ही सरळ फसवणूक ठरते.

आकडा पक्का झाला तरी त्यावरून काय घडले ते कळत नाही. माणसे शाबूत राहिली ती ठरावीक कृतींमुळे, आणि त्यातल्या दोन-तीनच, पण तपशिलाने सांगाव्यात. आपल्या इमारतीत नवव्या मजल्यावर डक्टच्या भोकावर प्लायवूडचा तुकडा नुसता टाकलेला होता. वाळूची घमेली वाहणाऱ्या एका बाईचा पाय त्यावर पडला आणि तुकडा एका बाजूने उचलला गेला. ती मागे सरली म्हणून वाचली आणि खाली जाऊन तिने मुकादमाला सांगितले. त्याच दिवशी सगळ्या मजल्यांवरची भोके तपासली, तेव्हा आणखी काही झाकणे तशीच सैल सापडली. पुढे प्रत्येक झाकण अँकर बोल्टने स्लॅबला जखडले, त्याला पिवळा रंग दिला आणि स्लॅब ओतण्याआधीच भोकात सळ्यांची जाळी सोडायची पद्धत सुरू झाली. त्यानंतर तेरा मजले झाले, पण भोकातून कोणी पडले नाही. ही हकीकत सांगायला भाषणातली दोन मिनिटे पुरतात. त्या बाईचे नाव तिच्या संमतीने व्यासपीठावरून घ्यावे, कारण धोका दिसल्यावर तोंड उघडणे हीच साइटवरची सर्वांत महत्त्वाची सुरक्षाकृती आहे आणि बिगारी माणसाला ती सर्वांत अवघड वाटते.

बक्षिसांचा विचारही याच अंगाने करावा लागतो. ‘ज्या गँगमध्ये एकही अपघात नाही तिला बक्षीस’ अशी घोषणा महिनोन्महिने चालली की गँगमधला जखमी माणूस दुखापत लपवतो, कारण त्याच्या एकट्यामुळे वीस जणांचे बक्षीस जाते. त्यापेक्षा धोका कळवणारे, परांची रोज तपासून तिच्यावर टॅग लावणारे, वारा वाढल्यावर क्रेन थांबवणारे ऑपरेटर यांचा गौरव अधिक योग्य. क्रेन थांबली त्या दिवशी काम मागे पडलेले असते आणि शिव्याही खाव्या लागलेल्या असतात. प्रमुखाने सर्वांसमोर त्या निर्णयाची बाजू घेतली की पुढच्या साइटवर तोच ऑपरेटर पुन्हा हात वर करतो.

आभाराच्या भागात क्रम पदांचा असू नये, कामाचा असावा. पायलिंगवाले, खोदकाम करणारे, फिटर, सेंटरिंगचे कारागीर, काँक्रीटची गँग, परांची बांधणारे, गवंडी, प्लंबर, वायरमन, रंगारी या ओळीने गेले की इमारत ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुन्हा उभी राहते आणि कोणी सुटतही नाही. एक अडचण मात्र प्रत्येक सोहळ्यात असते. पायलिंगची माणसे केव्हाच निघून गेलेली असतात. सेंटरिंगवाले शेवटच्या स्लॅबनंतर दुसऱ्या साइटवर गेलेले असतात. मंडपात बसलेले असतात ते मुख्यतः शेवटच्या टप्प्यातले लोक. म्हणून जुन्या मस्टरवरून गेलेल्या गँगची यादी करून ती मंडपात लावतात आणि प्रमाणपत्रे मुकादमांमार्फत पोचवतात. भाषेचेही भान हवे. महाराष्ट्रातल्या मोठ्या साइटवर झारखंड, बिहार, बंगाल, तेलंगण इथून आलेली माणसे असतात. मराठी भाषणातला सुरक्षिततेचा आणि आभाराचा भाग हिंदीतही सांगितला नाही, तर ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही.

या सगळ्यावरून भाषणाचा मधला भाग साधारण असा उतरतो: “मंडळी, साडेतीन वर्षांत आपण सगळ्यांनी मिळून सुमारे 17 लाख 70 हजार तास काम केले. ठेकेदारांकडची सगळी माणसे यात धरली आहेत. या काळात आपल्यातल्या तिघांना अशी दुखापत झाली की दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर येता आले नाही. तिघेही बरे झाले. खिळ्यांच्या फळ्या त्याच दिवशी उचलायचा नियम पहिल्या दुखापतीनंतर आला. तो आधीच असायला हवा होता.” यात कौतुकाचे एकही विशेषण नाही, तरी ऐकणारा मान हलवतो, कारण सांगितलेले त्याने पाहिलेले असते.

प्रकल्पात कोणी दगावले असेल तर भाषणाची सुरुवात तिथूनच होते. आधी मृतांचा उल्लेख, मग उभे राहून स्तब्धता आणि त्यानंतर बाकी सगळे. सुरक्षिततेच्या आकड्यांत तो मृत्यू पुन्हा स्पष्ट मोजलेला असावा. कोकण रेल्वे बांधताना जे कामगार गेले, त्यांच्या स्मरणार्थ रत्नागिरीत स्मारक उभे आहे. डोंगर फोडून आणि दऱ्या ओलांडून तो मार्ग ज्यांनी नेला, त्यांची आठवण उद्घाटनाच्या दिवसाबरोबर संपू न देण्याची ती रीत आहे. भाषणात कुटुंबीयांना बोलावण्याआधी त्यांची इच्छा विचारावी आणि भरपाईचे काम पुरे झालेले असावे. देणे बाकी असताना शाल देणे हा अपमान आहे.

शेवटी प्रश्न तारखेचा. सोहळ्याची तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरते आणि मग उरलेल्या कामाची घाई होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे काम 1933 मध्ये सुरू झाले. पुलाखाली सुरक्षाजाळे बांधलेले होते आणि त्याने 19 जणांना वाचवले. जवळपास चार वर्षांत तिथे एकच मृत्यू झाला होता. त्या काळच्या पुलांच्या मानाने ही विलक्षण गोष्ट होती. 17 फेब्रुवारी 1937 रोजी साचे काढण्याचा अवजड फलाट तुटून जाळ्यावर कोसळला, जाळे फाटले आणि 10 जण मरण पावले. पूल खुला व्हायला तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते. इमारतीतही स्लॅब संपल्यावर टॉवर क्रेन उतरवणे, बाहेरच्या झुल्यावरून रंगकाम आणि माल चढवायचा हॉइस्ट काढणे ही उंचीवरची कामे राहिलेली असतात. ती चालू असताना ‘सुरक्षितपणे पूर्ण’ असे म्हणणे अकाली ठरते. म्हणून हॉइस्ट खाली आल्यावर आणि त्या महिन्याचे मस्टर बंद झाल्यावरच सोहळा ठेवावा. ते जमत नसेल, तर आकडा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे आणि कोणते काम अजून बाकी आहे, हे भाषणात सांगावे आणि उरलेल्या दिवसांचे तास व दुखापती धरून शेवटचा हिशेब नंतर साइटच्या फलकावर लावावा.